राजीनाम्यानंतरचं एफ अँड एफ स्टेटमेंट: रजेचे पैसे आणि नोटिस रिकव्हरी कशी तपासायची

एफ अँड एफची, म्हणजे नोकरी सोडल्यावरच्या शेवटच्या हिशोबाची, शीट मेलवर आली की बहुतेक जण थेट शेवटची ओळ बघतात, किती मिळणार किंवा किती भरायचेत. आकडा फार वाईट नसेल तर "ओके" म्हणून रिप्लाय जातो आणि विषय संपतो. चुका मात्र वरच्या दोन ओळींत असतात, एक लीव्ह एन्कॅशमेंट, म्हणजे उरलेल्या रजेचे पैसे, आणि दुसरी नोटिस पे रिकव्हरी, म्हणजे नोटिसचे दिवस कमी पडले म्हणून कापलेले पैसे. एकीत कमी दिलेलं असतं, दुसरीत जास्त कापलेलं असतं, आणि खाली सगळं एकत्र करून एकच आकडा दिसतो, त्यामुळे नक्की कुठे गडबड आहे ते लक्षातच येत नाही.

म्हणून हा लेख फक्त या दोन ओळींबद्दल आहे. ग्रॅच्युइटी, बोनस, पीएफ ट्रान्सफर वगैरे यात नाही. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी तपासायच्या: दिवस किती धरले, पगाराचा कुठला भाग धरला, आणि त्याला कितीने भागलं. या तिन्हीसाठी हातात कागद पाहिजे, आठवणीवर भांडू नका.

पूर्ण लेखात एकच उदाहरण वापरतोय, काल्पनिक आहे पण आकडे रोजच्या व्यवहारातले आहेत. पुण्यातली एक कंपनी, चार वर्षं नोकरी झालेली एक कर्मचारी. महिन्याचा ग्रॉस ६०,००० रुपये, त्यात बेसिक ३०,०००, डीए नाही. नोटिस पिरियड ६० दिवस. ३ जूनला राजीनाम्याचा मेल टाकला, ११ जुलैला शेवटचा दिवस. कंपनीच्या शीटमध्ये तिच्याकडूनच १४,२१० रुपये येणं दाखवलंय.

## पायरी १: आधी कागद गोळा करा, तेही लॉगिन बंद व्हायच्या आत

ही पायरी लोक शेवटी करतात आणि तिथेच फसतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा मेल आणि एचआर पोर्टल दोन्ही बंद होतं, एफ अँड एफची शीट त्यानंतर येते, म्हणजे शीट हातात पडते तेव्हा ती तपासायला लागणारं काहीच तुमच्याकडे उरलेलं नसतं.

एवढं आधीच काढून ठेवा:

- अपॉइंटमेंट लेटर आणि त्यानंतर आलेली प्रमोशन किंवा इन्क्रिमेंटची लेटर्स. नोटिस पिरियड प्रमोशनच्या लेटरमध्ये गुपचूप ३० चा ६० किंवा ९० झालेला असतो, तो नीट बघा.
- सध्याची लीव्ह पॉलिसी, पूर्ण पीडीएफ.
- पोर्टलवरचं लीव्ह लेजर, म्हणजे रजा कधी जमा झाली आणि कधी वजा झाली ती पूर्ण यादी. नुसत्या बॅलन्सचा स्क्रीनशॉट पुरत नाही.
- शेवटच्या १० महिन्यांच्या पेस्लिप.
- राजीनाम्याचा मेल, त्यावरचं उत्तर, आणि शेवटचा दिवस ठरवणारा मेल.

सावध: ऑफिसचा इतर डेटा स्वतःला पाठवू नका, त्यावरून वेगळाच त्रास सुरू होतो. तुमच्या नोकरीचे, पगाराचे आणि रजेचे कागद तेवढेच घ्या. आणि शेवटचा दिवस तोंडी ठरला असेल तर मॅनेजर आणि एचआरला एक साधा मेल टाका, "आपल्या बोलण्याप्रमाणे माझा शेवटचा दिवस ११ जुलै आहे", बस.

## पायरी २: नोटिसचे दिवस स्वतः मोजा

रजेच्या आधी नोटिस घ्या, कारण रजा नोटिसमध्ये ॲडजस्ट झाली असेल तर रजेचा हिशोब त्यावर अवलंबून असतो.

राजीनामा ३ जूनला दिला. दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली तर ४ ते ३० जून म्हणजे २७ दिवस, आणि १ ते ११ जुलै म्हणजे ११ दिवस. एकूण ३८ दिवस नोटिस झाली. ६० मधून ३८ गेले, शॉर्टफॉल २२ दिवस.

आता उलट्या बाजूने पडताळा. पूर्ण ६० दिवस भरले असते तर नोटिस २ ऑगस्टला संपली असती. १२ ते ३१ जुलै २० दिवस, अधिक ऑगस्टचे २, म्हणजे २२. दोन्हीकडून सारखंच आलं की तुमची मोजणी बरोबर.

कंपनीच्या शीटमध्ये मात्र शॉर्टफॉल २८ दिवस होता. कारण असं की मॅनेजरने पोर्टलवर राजीनामा ९ जूनला ॲक्सेप्ट केला आणि सिस्टिमने तिथून पुढे मोजलं. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. मॅनेजर रजेवर होता, पोर्टलवर क्लिक करायला सहा दिवस लागले, आणि त्या सहा दिवसांचे पैसे कर्मचाऱ्याच्या खिशातून जातात. लेटरमध्ये "राजीनामा स्वीकारल्यापासून" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, नुसतं "६० दिवसांची लेखी नोटिस" असं असेल, तर नोटिस तुम्ही दिलेल्या तारखेपासून मोजायला सांगा.

याच पायरीत अजून काही गोष्टी बघायच्या. लेटरमध्ये "६० दिवस" आहे की "दोन महिने", कारण मधल्या महिन्यांप्रमाणे दोन्हीत एक-दोन दिवसांचा फरक पडतो. दिवस कॅलेंडरचे आहेत की कामाचे, काही लिहिलं नसेल तर साधारणपणे कॅलेंडरचे धरतात आणि शनिवार-रविवार त्यात येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लवकर जायचं कोणी ठरवलं. तुम्ही पूर्ण नोटिस द्यायला तयार होता आणि कंपनीनेच "उद्यापासून येऊ नका" म्हणून सोडलं असेल, तर उरलेल्या दिवसांची रिकव्हरी तुमच्याकडून कशाला? उलट त्या दिवसांचा पगार तुम्हाला मिळायला हवा का, ते लेटरमधल्या नोटिसच्या कलमात बघा. अशा वेळी तो मेल जपून ठेवा, पुढचा सगळा वाद त्याच्यावरच मिटतो.

चेक: नोटिस पिरियडमध्ये रजा घेतली असेल तर तो एकच दिवस किती ठिकाणी कापलाय ते शोधा. काही कंपन्यांत नोटिसमधली रजा चालते, काहींत तेवढे दिवस नोटिस पुढे ढकलली जाते. ढकलली तरी चालेल, नियम असेल तर असेल, पण तोच दिवस एलओपी म्हणजे बिनपगारी म्हणून पगारातून, ईएल म्हणजे अर्जित रजेच्या बॅलन्समधून आणि परत शॉर्टफॉलमध्ये असा तीनदा जाता कामा नये.

## पायरी ३: रिकव्हरीचा रेट तपासा

दिवस ठरले, आता एका दिवसाचे किती. इथे अपॉइंटमेंट लेटरमधला एक शब्द सगळं ठरवतो. नोटिसच्या बदल्यात बेसिक भरायचं लिहिलंय की ग्रॉस? आपल्या उदाहरणात लेटरमध्ये ग्रॉस आहे. मग ६०,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाला २,०००. बावीस दिवसांचे ४४,०००. कंपनीने २८ दिवस धरून ५६,००० लावलेत. रेट बरोबर आहे, दिवस चूक आहेत. म्हणजे वाद फक्त १२,००० चा आहे आणि तेवढाच घाला, "ग्रॉसवर कापलंच कसं" म्हणून भांडण काढू नका, सही आपणच केलेली असते.

लेटरमध्ये बेसिक असतं तर हीच रिकव्हरी २२,००० झाली असती, अर्धी. म्हणून तो शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

सावध: सीटीसी भागिले १२ करून रेट काढला असेल तर लगेच हरकत घ्या. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, इन्शुरन्सचा हप्ता असं बरंच काही असतं जे दर महिन्याला तुमच्या हातात कधी आलंच नाही. लेटरमध्ये स्पष्टपणे सीटीसी म्हटलं नसेल तर ते यात येत नाही.

अजून एक सावध: रिकव्हरीच्या खाली १८ टक्के जीएसटीची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. पूर्वी यावर खूप गोंधळ होता, पण जीएसटी बघणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीआयसीच्या, ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ नंबरच्या सर्क्युलरने स्पष्ट केलं की कर्मचारी नोटिस न भरता गेला म्हणून वसूल केलेली रक्कम ही कुठल्या सेवेची किंमत नाही, त्यावर जीएसटी लागत नाही. काही जुन्या पेरोल सेटिंगमध्ये ती ओळ राहून गेलेली असते.

## पायरी ४: रजेचा बॅलन्स लेजरवरून परत मांडा

आता रजा. पोर्टलवर दिसणारा बॅलन्स आणि शीटमधला बॅलन्स जुळला म्हणजे झालं असं समजू नका, दोन्हीकडे एकच चूक असू शकते. स्वतः मांडा: वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक या वर्षी जमा झालेली, वजा घेतलेली.

उदाहरणात १ जानेवारीला १८ दिवस ईएल शिल्लक होती. वर्षाला २१, म्हणजे महिन्याला पावणेदोन दिवस. पॉलिसीत पूर्ण झालेल्या महिन्याचीच रजा मिळते, म्हणून जानेवारी ते जून सहा महिन्यांची साडेदहा, जुलैच्या ११ दिवसांची काही नाही. घेतलेली रजा ५ दिवस. शिल्लक २३.५ दिवस.

शीटमध्ये २०.५ होती. तीन दिवस कुठे गेले? लेजरमध्ये मे महिन्यात तीन दिवसांची रजा मंजूर दिसत होती, ती नंतर कॅन्सल झाली, बाई त्या तिन्ही दिवशी ऑफिसात होत्या, पण कॅन्सलची रिक्वेस्ट मंजुरीसाठी तशीच पडून राहिली. हजेरीच्या नोंदीत तिन्ही दिवस पंच आहेत, तो पुरावा पुरेसा आहे.

याशिवाय लेजरमध्ये बघायच्या जागा दोन. पहिली, ॲडव्हान्स क्रेडिट. बऱ्याच कंपन्या जानेवारीतच वर्षभराची २१ रजा टाकतात, त्यामुळे पोर्टलवर बॅलन्स भरपूर दिसतो आणि लोक तोच धरून बसतात. मध्येच सोडलं तर न कमावलेली रजा परत वजा होते, आणि ती वजाबाकी रास्तच आहे. फक्त ती महिन्यांप्रमाणे बरोबर केलीय का तेवढं बघा. दुसरी, कॅरी फॉरवर्ड. डिसेंबरअखेर मर्यादेपेक्षा जास्त रजा लॅप्स होते, ती मर्यादा पॉलिसीपेक्षा कमी धरली गेली नाही ना?

कायद्याचा किमान आधार इथे कामाला येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, ज्यांना तो लागू आहे त्यांना, वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा आहे आणि अशी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वर्षाला ८ दिवसांची किरकोळ रजा वेगळी, ती वर्षअखेर संपते. म्हणून सीएल म्हणजे किरकोळ रजा आणि एसएल म्हणजे आजारपणाची रजा यांचे पैसे मागण्यात वेळ घालवू नका, पॉलिसीत मुद्दाम दिले असतील तरच मिळतात. मॅनेजर किंवा सुपरवायझरच्या पदावर असाल तर हा कायदा बहुधा तुम्हाला लागू नसतो, तुमचा सगळा आधार पॉलिसी आणि लेटर.

## पायरी ५: रजेच्या एका दिवसाचे पैसे किती

इथे भागाकाराचा घोळ असतो. बेसिक भागिले ३० की २६? ३०,००० ला ३० ने भागलं तर दिवसाला १,००० आणि २६ ने भागलं तर १,१५३ रुपये ८५ पैसे. उदाहरणातल्या पॉलिसीत २६ लिहिलंय, पेरोलने ३० लावलं.

२६ मागचा विचार सरळ आहे. ईएल कामाच्या दिवसाचीच कापली जाते, रविवारची नाही, मग तिचे पैसेही कामाच्या दिवसाच्या हिशोबाने. पण पॉलिसीत स्पष्ट ३० असेल तर हा तर्क फार चालत नाही, हे मान्य करून पुढे जा.

आता हिशोब: २३.५ गुणिले १,१५३.८५, म्हणजे २७,११५ रुपये. कंपनीने दिलेत २०,५००. फरक ६,६१५.

चेक: बेसिक कुठलं धरलंय? एप्रिलचं इन्क्रिमेंट उशिरा जाहीर झालं असेल तर शीटमध्ये कधीकधी जुनं बेसिक राहतं. शेवटच्या पेस्लिपशी जुळवा. डीए असेल तर पॉलिसीप्रमाणे तो धरलाय का तेही.

चेक: लीव्ह एन्कॅशमेंटवर पीएफ कापलाय का? २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मणिपाल अकॅडमीच्या केसमध्ये ठरवलं की रजेचे पैसे पीएफच्या बेसिक वेजेसमध्ये येत नाहीत. पीएफ जुलैच्या ११ दिवसांच्या पगारावर कापा म्हणावं.

## पायरी ६: रजा नोटिसमध्ये ॲडजस्ट करता येते का बघा

हे लोक विचारतच नाहीत. उदाहरणात नोटिसचा एक दिवस २,००० ला पडतो आणि रजेचा एक दिवस १,१५३ ला विकला जातो. म्हणजे रजेचा दिवस विकण्यापेक्षा तो नोटिसच्या दिवसापोटी वापरला तर दिवसामागे साधारण ८४६ रुपये वाचतात. पॉलिसीत परवानगी असेल तर शेवटचा दिवस ठरायच्या आधी लेखी मागा, शीट आल्यावर नाही. बऱ्याच ठिकाणी हे मॅनेजरच्या किंवा एचआर हेडच्या मर्जीवर असतं आणि हक्क म्हणून मागता येत नाही, पण विचारायला काय हरकत आहे.

ॲडजस्ट झालं असेल तर शीटमध्ये दोन्हीकडे दिसलं पाहिजे: शॉर्टफॉल तेवढ्या दिवसांनी कमी आणि रजेचा बॅलन्सही तेवढ्याच दिवसांनी कमी. रजा कमी झाली पण रिकव्हरी तशीच, ही चूक मी बऱ्याचदा बघितली आहे, कारण लीव्हचं काम एक माणूस करतो आणि रिकव्हरीची एन्ट्री दुसरा.

## पायरी ७: टॅक्सची ओळ

नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या पैशांवर खाजगी नोकरीतही सूट आहे, राजीनामा दिला तरी, आणि नव्या टॅक्स रेजिममध्येही. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १०(१०एए), १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आल्यामुळे कलमाचा नंबर बदललाय. मर्यादा आधी ३ लाख होती, १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली, आणि ती सगळ्या नोकऱ्या मिळून आयुष्यभराची आहे, त्यामुळे आधीच्या कंपनीत सूट घेतली असेल तर ती सांगावी लागते.

चार आकड्यांपैकी सगळ्यात लहान तेवढी सूट: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, १० महिन्यांचा सरासरी पगार, २५ लाखांची मर्यादा, आणि शिल्लक रजेची सरासरी पगारावरची किंमत. शेवटच्या आकड्यासाठी रजा वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवसांनी धरतात. पगार म्हणजे इथे बेसिक आणि निवृत्तीच्या हिशोबात धरला जाणारा डीए, आणि सरासरी शेवटच्या १० महिन्यांची, म्हणून त्या पेस्लिप.

उदाहरणात गंमत अशी की टॅक्सच्या हिशोबात महिना ३० दिवसांचा धरतात, त्यामुळे २३.५ दिवसांची किंमत २३,५०० येते, मिळालेत २७,११५. म्हणजे ३,६१५ रुपये टॅक्सेबल राहतील. कंपनीने पूर्ण २७,११५ वर टीडीएस लावला असेल तर दुरुस्त करून घ्या. नाहीच केलं तर रिटर्न भरताना सूट घेता येते, पण मग रिफंडची वाट बघत बसावं लागतं.

नोटिस रिकव्हरीचं उलटं आहे. बऱ्याच कंपन्या टॅक्स पूर्ण पगारावर धरतात, रिकव्हरी वजा न करता. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये एका केसमध्ये ही रक्कम पगारातून वजा करायला परवानगी दिली होती, तरी पेरोलवाले सहसा तयार होत नाहीत. रक्कम मोठी असेल तर सीएशी बोला. आणि नव्या कंपनीने बायआउटचे, म्हणजे तुमच्या नोटिस रिकव्हरीपोटी, पैसे दिले तर ते त्या कंपनीच्या पगारात धरून टॅक्सेबल होतात, हे आधीच लक्षात घेऊन आकडा ठरवा.

## पायरी ८: शीट परत मांडून लेखी पाठवा

सगळं एकत्र करू. जुलैच्या ११ दिवसांचा पगार ६०,००० भागिले ३१ गुणिले ११, म्हणजे २१,२९०. इथे ३१ ने भागलं आणि नोटिसला ३० ने, दोन्ही पॉलिसीप्रमाणे असेल तर ठीक. पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि टीडीएस कापायच्या आधीचे आकडे असे:

| ओळ | कंपनीची शीट | तपासल्यावर |
|---|---|---|
| ११ दिवसांचा पगार | २१,२९० | २१,२९० |
| लीव्ह एन्कॅशमेंट | २०,५०० | २७,११५ |
| नोटिस रिकव्हरी | ५६,००० वजा | ४४,००० वजा |
| निव्वळ | १४,२१० भरायचे | ४,४०५ मिळायचे |

एकूण फरक १८,६१५ रुपयांचा, आणि तीन कारणं: नोटिसचे सहा दिवस, कॅन्सल झालेली तीन दिवसांची रजा, आणि २६ च्या जागी ३०.

मेल लिहिताना "तुमचा हिशोब चुकलाय" असं मोघम लिहू नका, तो मेल कोणी उघडून परत बघत नाही. एका ओळीला एक मुद्दा: शीटमध्ये काय आहे, काय असायला हवं, कुठल्या कागदाच्या कुठल्या कलमावरून. राजीनाम्याचा मेल, लीव्ह लेजर, हजेरी आणि पॉलिसीचं ते पान जोडा. पेरोलमधल्या माणसालाही वर मंजुरी घ्यावी लागते, त्याला तुमचा मेल तसाच फॉरवर्ड करता आला पाहिजे.

सावध: उत्तर येईपर्यंत "माझी काही बाकी येणी नाहीत" अशा फॉर्मवर सही करू नका. सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देत नाही म्हणाले तर सहीशेजारी लिहा, "रजा आणि नोटिस रिकव्हरीबद्दलची माझी हरकत कायम ठेवून", तारीख टाका आणि फोटो काढून ठेवा. मागितलेले पैसेही हरकतीचं उत्तर लेखी येण्याआधी भरू नका, एकदा भरले की परत मिळवणं फार जड जातं.

वेळेचंही बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "आमच्याकडे ४५ दिवस लागतात" असं उत्तर आलं तर कलम १७ चा उल्लेख करून विचारा. पैसे अडकवूनच ठेवले आणि मेलला उत्तरच नाही, तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार देता येते, सोबत हाच तक्ता आणि हेच कागद लावा. वरच्या मॅनेजरच्या पदावर असाल तर आधी वकिलाकडून एक नोटिस पाठवणं जास्त उपयोगी पडतं.

दुरुस्त शीट आली की परत पायरी २ पासून बघा. एक चूक काढताना दुसरी ओळ हलते, जसं की रजेचे दिवस वाढवले पण टीडीएसची सूट जुन्याच रकमेवर राहिली.